संत्र्याची बाग, बाहेरचा व्यापारी आणि दुसरी बोली

प्रश्न: सर, मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटमध्ये विक्रेते आणि खरेदीदार यांना जोडणाऱ्या मार्केटप्लेसचं द्विपक्षीय प्लॅटफॉर्म म्हणून विश्लेषण करायचं आहे, नेटवर्क इफेक्ट समजावायचे आहेत आणि सुरुवात कशी कराल तेही लिहायचं आहे. माझं गाव वरुडजवळ, म्हणून मी संत्रा बागायतदार आणि व्यापारी घेतले. मी लिहिलं की शेतकरी वाढले की व्यापारी वाढतील, व्यापारी वाढले की शेतकरी वाढतील. मॅडमनी समासात "कुठे? कधी? किती?" एवढंच लिहून कागद परत दिला. आता काय करू?

उत्तर:

नोंदणीचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी एक सौदा नीट मांडा. आपल्याकडे अंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलून हिवाळ्याच्या तोंडावर तयार होणाऱ्या फळाची, बाग बहुतेक वेळा झाडावर फळ असतानाच विकली जाते. व्यापारी येतो आणि धुऱ्यावरून न बघता तिरपा बागेत शिरतो. चार-दोन झाडांखाली थांबून गळलेली फळं बघतो, फांदीवरची फळं नजरेनं मोजतो, एक फळ फोडून सालीची जाडी आणि रस बघतो. मग बाहेर येऊन पांदण रस्ता बघतो, कारण पाऊस लांबला तर त्या रस्त्यानं गाडी निघेल का, यावर त्याचा निम्मा हिशोब असतो. त्यानंतर बोलणी होतात. बाग ठोक घ्यायची की टनाच्या भावानं, चुरी म्हणजे बारीक फळं कोणाची, तोडणी कोणत्या आठवड्यात, मजूर कोणाचे आणि इसार किती.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. तुमच्या मार्केटप्लेसला जी जोडी लावायची आहे ती "शेतकरी आणि व्यापारी" एवढी ढोबळ नाही. ठरावीक रस्त्यावरची, ठरावीक पंधरवड्यात रंग धरणारी, ठरावीक आकाराच्या फळाची बाग आणि त्याच पंधरवड्यात त्याच रस्त्यावर गाडी भरायला निघालेला व्यापारी, अशी ती जोडी आहे. नेटवर्क इफेक्ट, म्हणजे एका बाजूची माणसं वाढली की दुसऱ्या बाजूला होणारा फायदा, या चौकटीच्या आत काम करतो. चौकटीबाहेर दहा हजार शेतकऱ्यांची नोंदणी असली तरी आतल्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. मॅडमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर हेच आहे: एका तालुक्याचा पट्टा, आणि एका बहाराचे काही आठवडे.

आता एक फरक लवकर स्पष्ट करून टाका, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. भाव कळवणारी सेवा आणि सौदा जुळवणारा प्लॅटफॉर्म या वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान पाठवणारी रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झाली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा होता की संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना सरासरीनं जास्त भाव मिळाल्याचं ठोस काही दिसलं नाही. उलट केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यावर मासेमारांच्या बाजारातले भावाचे फरक झपाट्यानं कमी झाले, असं रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं. मला यातला फरक असा दिसतो की समुद्रातली होडी फोन करून दुसऱ्या बंदराकडे वळू शकते. झाडावरची बाग वळत नाही. भाव कळला तरी त्या भावानं घेणारा माणूस बांधावर यावा लागतो. म्हणून तुमच्या उत्तराचा गाभा माहिती हा नसून बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्यांची संख्या हा आहे.

ती संख्या वाढली की नेमकं काय होतं ते मोजून दाखवा. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या असाइनमेंटमध्येही तसं स्पष्ट लिहा. समजा वरुड तालुक्याच्या एका पट्ट्यात, एका पंधरवड्यात, कोणतीही एक बाग कोणत्याही एका व्यापाऱ्याला पटण्याची शक्यता पाचात एक आहे. बाकी वेळा फळ बारीक असतं, रंग मागे असतो किंवा रस्ता अडचणीचा असतो. प्रत्येक व्यापारी स्वतंत्रपणे ठरवतो असं धरलं, तर n व्यापारी असताना बागेला किमान एक बोली मिळण्याची आणि किमान दोन बोल्या मिळण्याची शक्यता अशी येते:

```
P1 = 1 - 0.8^n
P2 = 1 - 0.8^n - n * 0.2 * 0.8^(n-1)
```

तीन व्यापारी असतील तर निदान एक बोली मिळण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. आठ असतील तर ८३ टक्के, पंधरा असतील तर ९६ टक्क्यांच्या पुढे. इथवर बहुतेक जण लिहितात आणि थांबतात. वाढ सुरुवातीला जोरात आणि मग मंदावते, आठनंतर फारसा फायदा नाही, असा निष्कर्ष काढतात.

तुम्ही दुसऱ्या बोलीकडे बघा. तीन व्यापाऱ्यांत किमान दोन बोल्या मिळण्याची शक्यता फक्त १० टक्के आहे. आठमध्ये ती ५० टक्क्यांवर येते, पंधरामध्ये ८३ टक्क्यांवर. पहिल्या बोलीनं बाग विकली जाते, पण भाव व्यापारी म्हणेल तो असतो. दुसरी बोली आली की शेतकऱ्याला "नाही" म्हणता येतं. म्हणजे एकाच बाजारात दोन उंबरठे आहेत. विक्रीचा उंबरठा आठाच्या आसपास ओलांडला जातो आणि भावाचा पंधराच्या आसपास. तुमचं अॅप शेतकऱ्याला चांगला भाव देण्याचं वचन देत असेल, तर आठ व्यापाऱ्यांवर ते वचन निम्म्या बागांच्या बाबतीत खोटं ठरेल, आणि गावात त्या निम्म्या बागांचीच चर्चा जास्त होईल.

आता हेच पंधरा व्यापारी वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर आणि काटोल अशा पाच तालुक्यांत पसरवा. प्रत्येक ठिकाणी तीन. अॅपच्या पडद्यावर अजूनही पंधरा व्यापारी दिसतात, सादरीकरणात पाच तालुके मोठे दिसतात, पण बागेच्या धुऱ्यावर दुसरी बोली येण्याची शक्यता ८३ वरून १० टक्क्यांवर घसरली. ग्रामीण भागातले बरेचसे मार्केटप्लेस याच कारणानं बसतात. पैसा आला की विस्तार करतात आणि विस्तारानं स्वतःचीच दाटी फोडतात. तुमच्या मॅडमच्या "किती?" या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

या गणिताची एक मर्यादाही लिहा, नाहीतर परीक्षक ती दाखवतील. व्यापारी स्वतंत्रपणे ठरवत नाहीत. डांबरी रस्त्याला लागून असलेली, एकसारख्या रंगाची बाग सगळ्यांनाच हवी असते. म्हणून प्रत्यक्षात काही बागांना पाच-पाच बोल्या येतात आणि आतल्या पांदणीवरच्या बागेला एकही नाही. सरासरी चांगली दिसते, अर्धे शेतकरी नाराज असतात. म्हणून "प्रति बाग सरासरी बोल्या" हा आकडा कधीच एकटा वापरू नका. "दोन किंवा जास्त बोल्या मिळालेल्या बागांचं प्रमाण" हा आकडा वापरा, आणि तो रस्त्यावरच्या व आतल्या बागांसाठी वेगळा काढा.

आता व्यापाऱ्याच्या बाजूनं बघा, कारण खरी ओढाताण तिथे आहे. शेतकऱ्याला जी दुसरी बोली हवी आहे, तीच पहिल्या व्यापाऱ्याला नको आहे. पुस्तकी भाषेत सांगायचं तर दोन बाजूंमधला परिणाम धन आहे आणि एकाच बाजूच्या आतला परिणाम ऋण. दुसऱ्या राज्यातून हंगामात येऊन इथे मुक्काम करणारा व्यापारी तुम्हाला पहिल्याच भेटीत म्हणेल, "या गावांच्या बागा फक्त मलाच दाखवा, मी शंभर टन उचलतो." सुरुवातीला हे फार गोड वाटतं. हो म्हणालात तर तुम्ही त्याचे खरेदी एजंट झालात, प्लॅटफॉर्म राहिला नाहीत. नाही म्हणालात तर त्यानं का यावं, याचं उत्तर द्यावं लागतं.

उत्तर गाडीत आहे. समजा गाडीला दहा टन माल लागतो आणि दोन एकरांच्या बागेतून सात टन निघतो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडं बसतात, म्हणजे ही २२० झाडांची बाग झाली. एका बागेनं गाडी भरत नाही. व्यापाऱ्याला एकाच रस्त्यावर, एकाच आठवड्यात तयार होणाऱ्या दोन-तीन बागा हव्या असतात. त्या शोधायला तो आज दलालाबरोबर दिवसच्या दिवस मोटरसायकलवर हिंडतो, आणि पंचवीस बागा बघतो तेव्हा त्यातल्या चार-पाच कामाच्या निघतात. तुम्ही त्याला एका रस्त्यावरच्या चाळीस बागा, झाडं मोजलेल्या, फोटोसकट, तोडणीच्या आठवड्यानुसार लावून दाखवल्यात, तर त्याचे शोधाचे दिवस वाचतात, मजुरांची टोळी रिकामी बसत नाही, गाडी अर्धी जात नाही. एवढी बचत होत असेल तर तो शेजारी दुसरा व्यापारी सहन करतो. म्हणजे बागांची दाटी व्यापाऱ्याला स्पर्धा पचवायची ताकद देते आणि व्यापाऱ्यांची दाटी शेतकऱ्याला भाव देते. "एक वाढलं की दुसरं वाढतं" हे तुमचं वाक्य चूक नव्हतं, पण ते का वाढतं याचं कारण त्यात नव्हतं. ते कारण हे आहे.

सुरुवात कोणत्या बाजूनं करायची, हा पुढचा प्रश्न. इथे आधी एक गोष्ट मान्य करा. बाजार रिकामा नाही. गावातला दलाल हाच आजचा द्विपक्षीय प्लॅटफॉर्म आहे. त्याला कोणाच्या बागेत किती फळ आहे ते माहीत असतं, कोणत्या व्यापाऱ्याचा हात सढळ आहे ते माहीत असतं, आणि दोघांचं भांडण झालं की मध्ये तोच बसतो. असाइनमेंटमध्ये "मध्यस्थ हटवू" असं लिहिणं सोपं आहे. पण मध्यस्थ काय काय करतो याची यादी न करता त्याला हटवलं, की ती सगळी कामं तुमच्या अंगावर येतात आणि तुमच्याकडे ती करायला माणूस नसतो. मी असतो तर पट्ट्यातल्या दोन-चार दलालांना सौद्यामागे ठरावीक रक्कम देऊन बाग दाखवणं आणि तोडणीच्या दिवशी हजर राहणं ही कामं त्यांच्याकडेच ठेवली असती. ओळखीवर चालणारं त्यांचं वर्तुळ पंधरा-वीस गावांचं असतं. तुमचं काम ती वर्तुळं एकमेकांना जोडणं.

बाजूंपैकी आधी शेतकरी, असं माझं मत आहे, पण त्याला "विकण्यासाठी" बोलवू नका. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास अंबियाचं फळ झाडावर दिसायला लागलेलं असतं, फळगळीचा जोर कळलेला असतो, आणि बाहेरचे व्यापारी अजून पुरते उतरलेले नसतात. त्या आठवड्यांत गावातली दोन-तीन मुलं शिकवून तयार करा. त्यांनी बागेत जावं, झाडं मोजावीत, ठरावीक झाडांवरची फळं मोजून अंदाज काढावा, फळाचा आकार आणि रस्त्याचा फोटो घ्यावा आणि तो कागद शेतकऱ्याच्या हातात द्यावा. समोर एकही व्यापारी नसला तरी हा कागद शेतकऱ्याच्या कामाचा आहे. आज व्यापारी म्हणतो "पाच टन निघेल" आणि शेतकऱ्याकडे त्याला उत्तर देण्यासाठी मोजलेलं काही नसतं. कागद घेऊन तो नेहमीच्या दलालाशीही बोलू शकतो. कोंबडी आधी की अंडं, या पेचातून बाहेर पडायची ही खरी वाट आहे: पहिल्या बाजूला दुसरी बाजू येण्याआधीच उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचं. मग व्यापारी आले की त्यांना रिकामं अॅप दाखवावं लागत नाही, मोजलेल्या बागा दाखवता येतात.

किती बागा? एका रस्त्यावर चाळीस असतील तर पुरे. चार तालुक्यांत चारशे असण्यापेक्षा त्या बऱ्या.

शुल्काचा भाग असाइनमेंटमध्ये जवळपास सगळे सारखाच लिहितात: शेतकऱ्याला मोफत, व्यापाऱ्याला दोन टक्के कमिशन. निष्कर्ष वाईट नाही, पण कारण चुकीचं दिलेलं असतं. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी द्विपक्षीय बाजाराची जी कसोटी मांडली (तिरोल यांना २०१४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं), ती साध्या शब्दांत अशी: एका बाजूचं शुल्क वाढवलं आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच कमी केलं, तर सौद्यांची संख्या बदलते का? बदलत असेल तर बाजार त्या अर्थानं द्विपक्षीय. बदलत नसेल तर शुल्क कोणाकडून घेतलं याला महत्त्व नाही.

आता बांधावरच्या बोलणीला ही कसोटी लावा. भाव घासाघीस करून ठरतो. व्यापाऱ्याला दोन टक्के द्यायचे असतील तर तो ते डोक्यात धरूनच बोली लावतो, टनाला ३० हजार म्हणणार असेल तर ६०० रुपये कमी म्हणतो. कमिशन कोणाच्या नावावर आहे यानं फारसं बिघडत नाही, भावातून ते सरकतं. राज्यात २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी संप केले होते. त्या वेळीही खरा प्रश्न हाच होता की अडतीचा भार शेवटी भावातून कोणाकडे येणार. जिथे दुसरी-तिसरी बोली असते तिथे तो व्यापाऱ्याला थोडाफार सोसावा लागतो. जिथे बोली एकच, तिथे तो सगळा शेतकऱ्याकडे येतो, पावतीवर नाव कोणाचंही असो.

म्हणजे सौद्यानंतर घेतलेलं शुल्क भावातून इकडून तिकडे सरकतं. सौद्याआधी घेतलेलं मात्र सरकत नाही. बागेची नोंद करायला २०० रुपये मागितले तर ते कोणाच्या बोलीत मिळवता येत नाहीत, कारण बोली येईल की नाही तेच माहीत नाही. तिथे शेतकरी थांबतो, नोंदी कमी होतात, चाळीस बागांचा रस्ता वीस बागांचा होतो आणि व्यापारी येत नाही. म्हणून माझा सल्ला: प्रवेशाचं शुल्क दोन्ही बाजूंना शून्य ठेवा आणि ते का, हे या कसोटीवरून सिद्ध करा. "शेतकरी गरीब आहे म्हणून मोफत" हे कारण भावनेचं आहे, गुणांचं नाही. झाडं मोजण्याचा खर्च सुरुवातीला तुम्ही सोसायचा आणि तो कमिशनमधून हळूहळू काढायचा.

यानंतर येतो तो सगळ्यात अवघड भाग, आणि इथे संत्र्याचा बाजार ऑनलाइन कपड्यांच्या दुकानापेक्षा फार वेगळा आहे. एका झाडावर साधारणपणे वर्षातून एकच बहार घेतात, अंबिया किंवा मृग. म्हणजे शेतकरी वर्षातून एकदा विकतो. पहिल्या वर्षी तुम्ही जोडी लावली, दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले, पुढच्या वर्षी फोनवर सौदा झाला, अॅप राहिलं बाजूला. याला गळती म्हणा. ती कोणाला परवडते ते मोजा. सात टन, ३० हजारांचा भाव, बाग २ लाख १० हजारांची. दोन टक्के म्हणजे ४,२०० रुपये. शेतकऱ्यासाठी ही रक्कम फार मोठी नाही. पण व्यापाऱ्यानं अशा चाळीस बागा घेतल्या तर त्याचे १ लाख ६८ हजार वाचतात. गळतीचा मोह शेतकऱ्यापेक्षा व्यापाऱ्याला जास्त असतो. तेव्हा शेतकऱ्याला नंबर लपवून ठेवायला सांगण्यापेक्षा, अॅपमधूनच सौदा करायचा हट्ट त्यानं स्वतः धरावा असं काहीतरी त्याला दिलं पाहिजे.

ते काय असू शकतं, हे या भागातल्या कोणत्याही बागायतदाराला विचारा. "इसार देऊन गेला अन् मंग फिरकलाच नाही," हे वाक्य तुम्ही घरीही ऐकलं असेल. ऑक्टोबरमध्ये भाव चढा असतो, व्यापारी थोडा इसार देऊन बाग बांधून ठेवतो. नोव्हेंबरात बाजार पडला की तो इसार सोडतो, किंवा येऊन म्हणतो, फळ बारीक आहे, भाव कमी करा. तोवर दुसरे व्यापारी निघून गेलेले असतात आणि फळ झाडावर फार दिवस धरत नाही, गळ वाढते. समजा दहा सौद्यांत एकदा असं होतं आणि त्यात शेतकऱ्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ७० हजार जातात. सरासरीनं दर सौद्यामागे ही ७,००० रुपयांची जोखीम झाली. कमिशन ४,२०० आहे. ही जोखीम तुम्ही खरोखर उतरवलीत, तर शेतकरी दुसऱ्या वर्षी व्यापाऱ्याला स्वतःच सांगेल की सौदा अॅपवर कर. नंबर त्याच्याकडे असला तरी.

उतरवायची कशी? इथे "आम्ही भरपाईची हमी देऊ" असं लिहू नका. ती हमी तुम्ही पाळू शकणार नाही, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. विम्यात जोखीम विखुरलेली असते, एकाचं नुकसान होतं तेव्हा दुसऱ्याचं होत नाही. इथे व्यापारी पळतात ते सगळे एकाच आठवड्यात. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा त्या मालाला देशातच जागा शोधावी लागली, आणि भावाचा दाब एका-दोन बागांवर न पडता सगळ्या पट्ट्यावर पडला. अशा आठवड्यात दहात एक सौदा मोडत नाही, दहात सहाही मोडू शकतात. सरासरी ७,००० वर उभारलेला भरपाईचा निधी पहिल्याच दिवशी संपतो.

म्हणून हमीऐवजी पैशाचा क्रम बदला. इसार थेट शेतकऱ्याच्या हातात न जाता तिऱ्हाईत बँक खात्यात जमा व्हावा. तो नेहमीपेक्षा मोठा असावा. तोडणीच्या ठरलेल्या तारखेनंतर आठवडाभरात गाडी आली नाही तर तो आपोआप शेतकऱ्याचा व्हावा आणि बाग पुन्हा यादीत दिसावी. आली तर गाडी धुऱ्याबाहेर निघायच्या आत उरलेली रक्कम जमा व्हावी. प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावापुढे त्यानं किती सौदे ठरल्या भावानं पूर्ण केले हे दिसावं. ही शेवटची नोंद मला फार मोलाची वाटते, कारण गळती रोखणारी आणि नेटवर्कबरोबर वाढणारी अशी ती एकच गोष्ट आहे. एका शेतकऱ्याला व्यापाऱ्याचा एक सौदा माहीत असतो. प्लॅटफॉर्मला चाळीस माहीत असतात. फोनवर सौदा केला तर ती नोंद कोणाकडेच जमा होत नाही, आणि खरा व्यापारीही ती हरवायला तयार नसतो, कारण पुढच्या गावात तिच्यावरच त्याला कमी इसारात बाग मिळते.

मोठ्या इसाराची किंमतही सांगा. काही व्यापारी त्यामुळे येणारच नाहीत. पंधराचे दहा झाले तर दुसऱ्या बोलीची शक्यता ८३ वरून सुमारे ६२ टक्क्यांवर येते. म्हणजे सुरक्षितता वाढवली की दाटी कमी होते. याला सगळीकडे लागू पडणारं एक उत्तर नाही. मी पहिल्या हंगामात सुरक्षितता निवडेन, कारण पहिल्याच वर्षी चार बागांचे पैसे बुडाले तर दुसरा हंगाम मिळत नाही, आणि चोख व्यवहाराची नोंद जमली की पुढच्या वर्षी त्याच व्यापाऱ्यांचा इसार कमी करता येतो. तुमचं मत वेगळं असेल तर ते मांडा, पण हा आकडा समोर ठेवून मांडा.

शेवटच्या भागात यश कसं ओळखायचं ते लिहा. डाउनलोड आणि नोंदणी अजिबात देऊ नका. पट्ट्यानुसार, पंधरवड्यानुसार दोन बोल्या मिळालेल्या बागांचं प्रमाण द्या. ठरल्या भावानं आणि ठरल्या आठवड्यात तोडणी झालेल्या सौद्यांचं प्रमाण द्या. आणि तिसरा आकडा दुसऱ्या वर्षीचा: पहिल्या हंगामात सौदा झालेल्या जोड्यांपैकी किती जोड्या पुन्हा प्लॅटफॉर्मवरून आल्या. तो कळायला एक वर्ष लागतं, कारण बागच वर्षातून एकदा विकली जाते. त्यामुळे "सहा महिन्यांत दहा तालुके" असं जर तुमच्या आराखड्यात कुठे लिहिलं असेल, तर ते खोडा आणि त्या जागी दुसऱ्या अंबियापर्यंत एकच पट्टा लिहा.